ग्राहक मिळवण्याचा खर्च का वाढला? सेल्स टीमसमोरच्या तिमाही भाषणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्केटिंगचं काम बघणाऱ्या ज्या माणसाला तिमाही आढाव्यात उभं राहून "एक ग्राहक आणायला आता जास्त पैसे लागतात" असं सांगायचं आहे, त्याच्यासाठी हे पान आहे. समोर बसलेल्यांना मार्केटिंगच्या आकड्यांवर काडीचा विश्वास नसतो, आणि बऱ्याचदा त्यांचं बरोबरही असतं. उदाहरण सगळीकडे एकच घेतलं आहे: पुणे-सातारा पट्ट्यात घरांच्या छतावर सोलर बसवणारी मध्यम आकाराची कंपनी. कंपनी काल्पनिक आहे आणि आकडे हिशोब समजावा म्हणून घेतलेले आहेत.

सेल्सवाले मार्केटिंगच्या आकड्यांवर विश्वास का ठेवत नाहीत?

कारण त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं आणि स्लाइडवर दिसणारं जुळत नाही. आमच्या उदाहरणात जून ते ऑगस्टमध्ये आलेल्या लीडमधून १३२ बुकिंग झाली. गूगलचा डॅशबोर्ड म्हणतो १२१ आम्ही आणली, फेसबुक-इन्स्टाग्रामचा म्हणतो ४१ आमची. बेरीज १६२. सेल्समधला माणूस अ‍ॅडव्हान्सच्या पावत्या स्वतः फाडतो, त्याला १३२ पाठ असतात. उरलेल्या ३० पावत्या कुठे आहेत, एवढंच तो विचारतो आणि सभा तिथेच संपते.

यात लबाडी नसते. एखाद्या काकांनी इन्स्टाग्रामवर जाहिरातीवर टिचकी मारली, चार दिवसांनी गूगलवर शोधून फॉर्म भरला, तर दोन्ही कंपन्या ते बुकिंग आपल्या खात्यात धरतात. गूगल अ‍ॅड्समध्ये क्लिकनंतरचे ३० दिवस हे नेहमीचं सेटिंग असतं, आणि मेटाकडे क्लिकनंतर ७ दिवस व नुसती जाहिरात दिसल्यानंतर १ दिवस. दोघंही एकमेकांच्या वहीत डोकावत नाहीत. पण हे स्पष्टीकरण भाषणात देत बसू नका. ते खरं असलं तरी ऐकणाऱ्याला सारवासारव वाटतं. डॅशबोर्डचा आकडा स्लाइडवर घेऊच नका, हा सोपा उपाय.

मग आकडा कुठून घ्यायचा?

पावती पुस्तकातून. सुरुवात बुकिंगपासून करायची आणि मागे मागे लीडपर्यंत जायचं. प्रत्येक अ‍ॅडव्हान्स पावतीवरचा मोबाइल नंबर लीडच्या यादीत शोधायचा. यादीत नंबर कुठे `+91` लावून येतो, कुठे शून्य लावून, कुठे मधे जागा सोडून. म्हणून आधी शेवटचे दहा अंक वेगळे काढा:

```
=RIGHT(SUBSTITUTE(A2," ",""),10)
```

नंबरात मधे डॅश असतील तर तेही असेच आधी काढून टाकावे लागतील.

एवढ्याने सगळं जुळत नाही. सोलरमध्ये चौकशी मुलगा त्याच्या फोनवरून करतो आणि पावती वडिलांच्या नावावर, त्यांच्या नंबराने फाटते, कारण वीजजोडणी त्यांच्या नावावर असते. अशा वेळी महावितरणच्या बिलावरचा १२ अंकी ग्राहक क्रमांक कामाला येतो. पहिल्या फोनवरच बिलाचा फोटो मागवायची सवय असेल तर तो क्रमांक लीडच्या ओळीतही असतो आणि पावतीच्या फाइलमध्येही. जिथे काहीच जुळत नाही ते बुकिंग "माहीत नाही" या रकान्यात टाका आणि तो रकाना सगळ्यांना दाखवा. मार्केटिंगने मोकळा सोडलेला रकाना सेल्सला पहिल्यांदाच दिसत असतो.

"हा ग्राहक माझ्या ओळखीतून आला, तुमच्या जाहिरातीतून नाही" यावर काय म्हणायचं?

"बरं, तुमचा" म्हणायचं. ज्या बुकिंगवर वाद आहे ते सेल्सच्या खात्यात टाकून हिशोब परत करून बघा. दोन-चार बुकिंग इकडची तिकडे झाल्याने सांगायचा मुद्दा बदलत नसेल, तर त्या वादात सभेचा वेळ घालवण्यात अर्थ नाही. आणि बदलत असेल, तर तुमचा मुद्दाच कच्चा होता.

तिमाही कोणती धरायची? सप्टेंबरच्या लीड तर अजून पिकलेल्याच नसतात.

हा प्रश्न सेल्सकडून नक्की येतो, आणि रास्त आहे. आज फॉर्म भरलेला माणूस उद्या पावती फाडत नाही. साइट व्हिजिट, छताचं माप, घरात चर्चा, कर्जाची चौकशी, यात तीन-चार आठवडे जातात. ऑक्टोबरच्या आढाव्यात जुलै ते सप्टेंबरचा जाहिरात खर्च घेतला आणि त्याच महिन्यांत फाटलेल्या पावत्यांनी भागला, तर सप्टेंबरमध्ये खर्च वाढवलेला असल्यास आकडा उगाचच वाईट दिसेल. खर्च कमी केला असेल तर उगाचच छान दिसेल.

आम्ही लीडची तिमाही एक महिना मागे धरतो. ऑक्टोबरच्या सभेत जून ते ऑगस्टच्या लीड, आणि प्रत्येक लीडला मोजून ३० दिवस दिलेले. तुलना मार्च ते मेच्या लीडशी, त्यांनाही तेवढेच ३० दिवस. ३१ व्या दिवशी झालेलं बुकिंग दोन्हीकडे सोडायचं. थोडी बुकिंग हिशोबाबाहेर राहतात, पण तुलना सारख्या वयाच्या लीडची होते. लेखा विभागाचा आकडा वेगळा असेल. तो का वेगळा आहे हे पहिल्याच मिनिटाला एका वाक्यात सांगून टाका, नाहीतर नंतर कुणीतरी तो बाहेर काढतो.

पावसाळ्यात सोलर थंडच असतं. मग ही तुलना बरोबर कशी?

पूर्ण बरोबर नाहीच. मार्च ते मेमध्ये एसी आणि पंख्यांनी फुगलेलं बिल हातात घेऊन लोक फोन करतात, पावसाळ्यात बिल उतरतं आणि छतावर चढायचीही अडचण. त्यामुळे मागच्या वर्षीच्या जून-ऑगस्टची एक ओळ खाली द्यावी. मागच्या वर्षीच्या नोंदी नीट नसतील तर तसं सांगावं. अंदाजाची ओळ तिथे घालू नये.

खर्च वाढला हे नेमकं कसं मांडायचं?

आधी एकूण चित्र. मार्च-मेमध्ये जाहिरातीवर १२ लाख गेले, २,४०० लीड आल्या, ४८० साइट व्हिजिट झाल्या, १२० बुकिंग झाली. एका बुकिंगमागे १०,००० रुपये. जून-ऑगस्टमध्ये १८ लाख, ३,००० लीड, ५२८ व्हिजिट, १३२ बुकिंग. एका बुकिंगमागे साधारण १३,६०० रुपये.

बहुतेक भाषणं इथे थांबतात आणि "स्पर्धा वाढली आहे" म्हणून पुढे जातात. सेल्सला यातून एकच अर्थ कळतो: लीड वाढल्या, बुकिंग त्या मानाने वाढली नाहीत, म्हणजे आता आपल्यावर येणार. म्हणून पुढची स्लाइड लगेच हवी. त्यात हाच हिशोब लीड कुठून आली त्यानुसार फोडायचा. या तिमाहीत दोन मार्ग होते. एक जुना, गूगल सर्चवरून वेबसाइटच्या फॉर्मवर येणारा. दुसरा जूनपासून सुरू केलेला, फेसबुक-इन्स्टाग्रामच्या आतच उघडणारा झटपट फॉर्म.

| | मार्च-मे (फक्त जुना) | जून-ऑगस्ट, जुना | जून-ऑगस्ट, नवा |
|---|---|---|---|
| खर्च | १२ लाख | १५.२ लाख | २.८ लाख |
| लीड | २,४०० | २,२०० | ८०० |
| साइट व्हिजिट | ४८० | ४४० | ८८ |
| बुकिंग | १२० | ११८ | १४ |
| एका बुकिंगमागे | १०,००० | १२,९०० | २०,००० |

हा तक्ता दोन मिनिटं भिंतीवर तसाच राहू द्या. त्यात दोन गोष्टी आहेत, आणि दुसरी सेल्सच्या बाजूची आहे.

पहिली: जुन्या मार्गाच्या लीड खराब झालेल्या नाहीत. दर पाच लीडमागे एक व्हिजिट, तेव्हाही आणि आताही. फक्त तीच लीड ५०० ऐवजी ६९० रुपयांना पडते आहे. दुसरी: एकूण आकड्यांत व्हिजिटमधून बुकिंग होण्याचं प्रमाण २५ टक्क्यांवर अडकल्यासारखं दिसतं, पण ती सरासरी आहे. जुन्या मार्गाच्या व्हिजिटमधून टीमने जवळपास २७ टक्के बुकिंग काढली, म्हणजे क्लोजिंग सुधारलं. नव्या फॉर्मच्या व्हिजिटमध्ये ते १६ टक्क्यांवर आलं आणि सुधारणा झाकली गेली. सरासरीत लपलेली त्यांची मेहनत मार्केटिंगच्या माणसाने स्वतःहून दाखवली, की सभेचा सूर बदलतो.

"सहा लाख जास्त उधळले आणि बारा बुकिंग वाढली, म्हणजे एकामागे पन्नास हजार!" असं कुणी म्हटलं तर?

म्हणणारच. मागच्या रांगेतला कुणीतरी मोबाइलवर भागाकार करतोच, आणि त्याचा भागाकार चुकलेला नसतो. एका कामामागे कंपनीच्या हातात समजा ४०,००० उरत असतील, तर पन्नास हजार म्हणजे चक्क तोटा. या प्रश्नाची तयारी नसेल तर भाषण करू नये, असं माझं मत आहे.

उत्तर वरच्या तक्त्यातच आहे. सहा लाखांतले ३.२ लाख जुन्या मार्गावर गेले आणि तिथे बुकिंग उलट दोनने घटली. हे पैसे वाढीसाठी लागलेच नाहीत, ते जागच्या जागी उभं राहायला लागले. उरलेल्या २.८ लाखांनी १४ बुकिंग दिली, एकामागे २०,००० रुपयांनी. महाग आहे, पण तोट्यात नाही. पन्नास हजार हा आकडा या दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्याने येतो. खरा निर्णय दोन प्रश्नांवर आहे: जुन्या मार्गावरची भाववाढ कशी आवरायची, आणि नव्या मार्गात अजून किती पैसे घालायचे. नव्या मार्गाची पुढची बुकिंग याहून महाग पडतील, कारण सहज मिळणारे लोक आधी मिळतात, हेही सांगून टाका.

जुन्या मार्गावर लीड महाग झाली ती बाजारामुळे की आमच्या चुकीमुळे, हे कसं ओळखायचं?

लीडची किंमत दोन आकड्यांची बनते: एका क्लिकचा भाव, आणि किती क्लिकमागे एक फॉर्म भरला जातो. मार्च-मेमध्ये क्लिक २५ रुपयांना आणि २० क्लिकमागे एक फॉर्म, म्हणून ५०० रुपये. जून-ऑगस्टमध्ये २० क्लिकमागे एक फॉर्म तसाच राहिला आणि क्लिक साडेचौतीस रुपयांवर गेला, म्हणून ६९०. फॉर्मचं प्रमाण हललेलं नाही, म्हणजे पानात किंवा फॉर्ममध्ये बिघाड नाही, लिलावात भाव चढला. क्लिकचा भाव तोच राहून २० च्या जागी २८ क्लिक लागले असते, तर दोष आपल्या पानात, जाहिरातीच्या मजकुरात किंवा चुकीच्या शब्दांवर पैसे लावण्यात शोधावा लागला असता.

लिलाव चढल्याचा पुरावाही हाताशी ठेवा. गूगल अ‍ॅड्समध्ये Auction insights नावाचा अहवाल असतो, त्यात तुमच्याच शब्दांवर आणखी कोण बोली लावतंय ते दिसतं. दोन्ही काळांचे अहवाल शेजारी ठेवले की नवी नावं डोळ्यात भरतात, आणि सेल्सला ती ओळखीची असतात, कारण त्याच कंपन्यांची कोटेशन त्यांना ग्राहकांच्या टेबलावर दिसतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राची पीएम सूर्यघर योजना आली, ३ किलोवॅट आणि त्यावरच्या घरगुती संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागलं. अनुदान जाहीर झालं की विक्रेतेही वाढतात, आणि सगळे त्याच मोजक्या शब्दांवर बोली लावतात. हे फिल्डवरच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

"नव्या फॉर्मच्या लीड बोगस आहेत" ही तक्रार खरी मानायची का?

मोठ्या प्रमाणात, हो. त्या झटपट फॉर्ममध्ये नाव आणि नंबर माणसाच्या प्रोफाइलमधून आधीच भरलेले येतात. अंगठा दोनदा टेकला की लीड तयार. बऱ्याच जणांना आपण फॉर्म भरला हे आठवतही नाही. ८०० लीडमधून ८८ व्हिजिट म्हणजे नऊ लीडमागे एक, आणि त्या नऊंपैकी प्रत्येकाला दोन-तीनदा फोन. त्या फोनचा वेळ मार्केटिंगच्या हिशोबात कुठेच येत नाही, म्हणून ३५० रुपयांची लीड स्वस्त वाटते. सेल्सचा राग नेमका या न धरलेल्या खर्चावर असतो.

पण नुसतं "बोगस" म्हणून चालणार नाही. लीड बाद करताना कारण ठरावीक यादीतून निवडलं पाहिजे: नंबर लागत नाही, चुकून फॉर्म भरला, भाड्याचं घर, सोसायटीची परवानगी नाही, बिल फार कमी, दुसरीकडे बुकिंग केलं. "इंटरेस्टेड नाही" हा पर्याय यादीतून काढून टाका, त्यातून काही कळत नाही. भाड्याचं घर आणि कमी बिल ही कारणं जास्त आली तर फॉर्ममध्ये तसे दोन प्रश्न घालता येतात. चुकून भरलेले जास्त असतील तर फॉर्मचा Higher intent प्रकार निवडायचा, त्यात पाठवण्याआधी माहिती तपासायची आणखी एक पायरी येते. लीड कमी होतील आणि प्रत्येक महाग होईल. तेही आधीच सांगा, नाहीतर पुढच्या तिमाहीत परत "लीड का घटल्या" यावर सभा.

फोन उशिरा होतात म्हणून लीड वाया जातात, हे सांगायचं का?

सांगायचं, पण सगळ्यांसमोर पहिल्यांदा नाही. एकाच मार्गाच्या लीड दोन गटांत विभागा: तासाभरात फोन गेलेल्या आणि दुसऱ्या दिवशी किंवा नंतर गेलेल्या. व्हिजिटचं प्रमाण दोन्हीकडे पाहा. वेगवेगळ्या मार्गांच्या लीड एकत्र करून ही तुलना केलीत तर सेल्सवाले ती दोन मिनिटांत उडवतील, आणि बरोबरच करतील. फरक मोठा निघाला तर सभेच्या दोन दिवस आधी सेल्सच्या प्रमुखाला दाखवा. रविवारी रात्री आलेल्या लीडला सोमवारी दुपारी फोन जातो याची कारणं त्यांच्याकडे असतात, आणि बहुतेक वेळा तो माणसांच्या संख्येचा प्रश्न निघतो. सभेत ही स्लाइड त्यांनीच मांडली तर उत्तम.

एका ग्राहकाच्या खर्चात पगार आणि इन्सेन्टिव्ह धरायचे की नाही?

मालकांसाठीच्या हिशोबात धरावेच लागतात. जाहिरात, एजन्सीची फी, मार्केटिंगचे पगार, फोन करणाऱ्यांचे पगार, सेल्सचे पगार आणि इन्सेन्टिव्ह हे सगळं मिळून खरा खर्च होतो. जाहिरातीवरच्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट मिळत असेल तर तो धरायचा नाही. पण सेल्सच्या सभेत मात्र जाहिरातीचाच खर्च दाखवा आणि स्लाइडवर मोठ्या अक्षरात तसं लिहा. "ग्राहक महाग झाला" म्हणून स्वतःच्याच इन्सेन्टिव्हसकटचा आकडा भिंतीवर दिसला, की समोरचा माणूस पुढचं काही ऐकत नाही, इन्सेन्टिव्ह कापणार का एवढाच विचार करतो. कापणार नसाल तर ते वाक्य पहिल्या दोन मिनिटांत स्पष्ट बोलून टाका. कापण्याचा विचार चालू असेल, तर तो या भाषणात गुंडाळून सांगू नका. त्यासाठी वेगळी बैठक घ्या.

प्रत्यक्ष सुरुवात कशी करावी?

साधारण अशी:

"नमस्कार. आज डॅशबोर्ड दाखवणार नाही. इथले सगळे आकडे तुमच्या पावत्यांवरून काढलेत. साताऱ्याच्या टीममधल्या दादांनी काल माझ्यासोबत बसून त्यातल्या वीस पावत्या उघडून पाहिल्या, दोन जुळल्या नाहीत, त्या मी 'माहीत नाही'मध्ये टाकल्यात. एक बुकिंग आणायला मार्च-मेमध्ये जाहिरातीचे दहा हजार लागत होते, आता तेरा हजार सहाशे लागतात. त्यातलं किती बाजारामुळे आणि किती आमच्या निर्णयामुळे, ते दाखवतो. यात कुणाच्या इन्सेन्टिव्हचा विषय नाही."

इथला "दादा" महत्त्वाचा आहे. टीममध्ये सगळ्यात जास्त शंका घेणारा, पण ज्याचं बाकीचे ऐकतात, असा एक माणूस असतो. सभेच्या आदल्या दिवशी त्याच्यासोबत बसा. पावत्या त्याला निवडू द्या, तुम्ही निवडू नका. त्याने कुठलीही पावती काढली तरी तिचा माग लीडपर्यंत लागला पाहिजे, किंवा लागत नाही हे तिथेच कबूल झालं पाहिजे. नंतर सभेत त्याने "मी बघितलंय" एवढं जरी म्हटलं तरी पुष्कळ काम होतं. त्याला आधी पटवून, भाषण पाठ करून घेऊन उभं केलंत तर मात्र सगळ्यांना कळतं.

भाषण किती वेळाचं असावं?

बारा ते पंधरा मिनिटं, चार स्लाइड. प्रश्नांना त्याच्या दुप्पट वेळ ठेवा. जेवणाआधीची वेळ घेऊ नका.

सेल्सकडून काही मागायचं का, की फक्त समजावायचं?

एकच गोष्ट मागा: लीड बाद करतानाचं कारण यादीतून निवडणं. आणि त्याआधी मार्केटिंग काय करणार ते सांगा. आमच्या उदाहरणात दोन गोष्टी ठरल्या असत्या. नव्या फॉर्मच्या लीडला पहिला फोन मार्केटिंगचा माणूस करेल, बिलाचा फोटो आणि घर स्वतःचं असल्याची खात्री झाल्यावरच ती सेल्सकडे जाईल. आणि नव्या फॉर्मवरचा खर्च बुकिंगमागे २०,००० च्या वर गेला तर त्या महिन्यात थांबवला जाईल. ही मर्यादा सभेत आकड्यासकट बोलली गेली पाहिजे, म्हणजे पुढच्या वेळी ती पाळली का हे कुणीही विचारू शकेल.

सभेनंतर काय पाठवायचं?

स्लाइडपेक्षा मूळ शीट पाठवा, फक्त वाचता येईल अशा परवानगीने. एका ओळीत एक लीड: तारीख, मार्ग, पहिला फोन कधी, व्हिजिट कधी, पावती क्रमांक, बाद असेल तर कारण. ग्राहकांचे पूर्ण नंबर त्यात ठेवू नका, शेवटचे चार अंक पुरतात. शीटमधली चूक कळवायला एक रकाना मोकळा सोडा आणि आलेली प्रत्येक दुरुस्ती आठवड्याच्या आत करा. पहिल्या आठवड्यात बऱ्याच येतील. त्यातल्या बहुतेक "हे बुकिंग माझ्या ओळखीचं होतं" याच असतील.